केरळ पॅकेजवरची ‘३७,००० रुपयांची बचत’ : हिशेब आणि परताव्याची मागणी

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : मुन्नार–थेक्कडी–अलेप्पी, चार रात्री पाच दिवस, चार प्रौढ व्यक्ती, दोन खोल्या. जुलै महिन्यातील सहल.

महोदय,

आपल्या जाहिरातीत या सहलीची ‘मूळ किंमत’ १,३५,००० रुपये छापून त्यावर काट मारली होती. खाली ९८,००० रुपये आणि शेजारी लाल अक्षरांत ‘३७,००० रुपयांची बचत’. विमानाचे तिकीट आमचे आम्ही काढले. ५ टक्के जीएसटी धरून आम्ही आपल्याला १,०२,९०० रुपये दिले. परत आल्यावर मी ‘हे १,३५,००० कुठून आले’ असे विचारले, तेव्हा आपल्या विक्री प्रतिनिधीने एक तक्ता पाठवला. त्याबद्दल आभार, कारण हे पत्र त्या तक्त्यावरूनच लिहीत आहे.

तक्त्यात मुन्नारच्या दोन रात्रींच्या दोन खोल्या ३४,०००, थेक्कडीच्या १४,०००, नाश्ता ६,४००, रात्रीचे जेवण ९,६००, हाउसबोट २८,०००, गाडी २५,००० आणि ‘स्थलदर्शन’ १८,००० असे धरले आहे. बेरीज बरोबर आहे, पण तीत घातलेले आकडे बरोबर नाहीत.

नाश्त्यापासून सुरुवात करतो. दोन्ही हॉटेलांचा खोलीचा दर नाश्त्यासह असतो, तसे त्यांच्या दरपत्रकात लिहिले आहे. हाउसबोटच्या भाड्यात दुपारचे जेवण, संध्याकाळचा चहा, रात्रीचे जेवण आणि सकाळचा नाश्ता येतोच. अलेप्पीला बोटी तशाच दिल्या जातात. तरीही तक्त्यात चार सकाळचे नाश्ते आणि चार रात्रींची जेवणे वेगळी लावली आहेत. म्हणजे सगळे नाश्ते आणि बोटीवरचे जेवण दोनदा मोजले गेले.

‘स्थलदर्शना’चे १८,००० तर मला अजून कळलेले नाहीत. त्यात मट्टुपेट्टी धरण, इको पॉइंट, चहाचे मळे, मसाल्याची बाग, एराविकुलम राष्ट्रीय उद्यान आणि पेरियारची बोटफेरी लिहिली आहे. या सगळ्या ठिकाणी आम्ही त्याच गाडीने गेलो, जिचे २५,००० आपण आधीच लावले आहेत. चहाचा मळा रस्त्यावरून पाहायला कोणी पैसे घेत नाही. जिथे तिकीट लागते त्या एराविकुलम आणि पेरियारची तिकिटे आम्ही खिशातून काढली, दोन्ही मिळून सुमारे २,००० रुपये, कारण ‘प्रवेश शुल्क समाविष्ट नाही’ ही ओळ शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत होती. जे आपण दिलेच नाही, त्याची किंमत बचतीत कशी धरली?

खोल्यांचा प्रश्न वेगळा आहे. मुन्नारच्या हॉटेलात एका खोलीला ८,५०० रुपये हा रिसेप्शनवर फ्रेममध्ये लावलेला दर. पावसाळ्यात तो कोणीच देत नाही. मी त्याच हॉटेलला, त्याच प्रकारच्या खोलीसाठी, आठवड्यातल्या त्याच वारांचा दर ई-मेलने विचारला. नाश्ता आणि करांसह ५,२०० असे उत्तर आले, आणि हा दर सप्टेंबरअखेरपर्यंत तोच आहे असेही त्यांनी लिहिले. थेक्कडीला ४,४००. हाउसबोटचे २८,००० हा नाताळच्या आठवड्यातला भाव आहे, असे बोटमालकानेच फोनवर सांगितले. जुलैच्या सहलीची तुलना डिसेंबरच्या भावाशी करणे याला हिशेब म्हणत नाहीत.

आता आपण कबूल केलेल्या वस्तू सुट्या घेतल्या तर काय पडते ते पाहा. मुन्नारच्या खोल्या २०,८०० आणि रात्रीचे जेवण ४,४००. थेक्कडीच्या खोल्या ८,८०० आणि जेवण २,०००. एकूण ३६,०००. दोन बेडरूमची प्रीमियम हाउसबोट, दिवसरात्र एसी, सगळ्या जेवणांसह २१,०००. इनोव्हा पाच दिवस, डिझेल आणि ड्रायव्हरचा भत्ता धरून, रोज ३,८०० प्रमाणे १९,०००. कोची ते मुन्नार, तिथून थेक्कडी, अलेप्पी आणि परत कोची विमानतळ, वर स्थानिक फिरणे, असे सहाशे-साडेसहाशे किलोमीटर होतात. त्या मानाने हा दर रास्त आहे. टोल-पार्किंग ८००. सगळे मिळून ७६,८००. म्हणजे १,३५,००० च्या जवळपासही नाही, आणि आपल्या ‘सवलतीच्या’ ९८,००० पेक्षा २१,२०० रुपयांनी कमी.

पॅकेज सुट्या बुकिंगपेक्षा स्वस्तच असावे, असा माझा आग्रह नाही. हॉटेले निवडणे, गाडी वेळेवर उभी करणे, घाटात दरड कोसळली तर फोन उचलणे, या कामाचे पैसे घेतलेच पाहिजेत. ७६,८०० वर १० टक्के मेहनताना आणि त्यावर ५ टक्के जीएसटी लावला तर सुमारे ८८,७०० होतात. आपण याहून जास्त नफा घ्यायचा ठरवलात तर तो आपला व्यवसाय. मात्र जास्त पैसे घेऊन वर त्याला ‘बचत’ म्हणणे मला मान्य नाही. ‘३७,००० ची बचत’ हा आकडा पाहूनच आम्ही दुसऱ्या कंपनीचा देकार सोडला.

शिवाय कबूल केलेले सगळे मिळालेही नाही. इनोव्हाऐवजी अर्टिगा आली. चार माणसे आणि चार मोठ्या बॅगा घेऊन मुन्नारचा घाट चढताना मागची सीट पाडून सामान रचावे लागले. (ड्रायव्हर मात्र उत्तम होता, त्याच्याबद्दल काहीही तक्रार नाही.) अर्टिगाचा तिथला दर रोज ३,०००, म्हणजे पाच दिवसांत ४,००० चा फरक. हाउसबोट प्रीमियमऐवजी डीलक्स निघाली. तिचा एसी रात्री नऊला सुरू झाला आणि सकाळी सहाला बंद. संध्याकाळी साडेपाचला बोट काठाला लागली, त्याबद्दल मी बोलत नाही. रात्री कोळ्यांची जाळी असतात, सगळ्याच बोटी थांबतात. पण दुपारभर उकाड्यात बसवण्याचे कारण वेगळे होते. डीलक्स बोट १७,००० ला मिळते. इथेही ४,००० चा फरक.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे. गाडी आणि बोट यांच्या फरकाचे ८,००० आणि त्यावर आकारलेला जीएसटी ४००, असे ८,४०० रुपये माझ्या खात्यात परत करावेत. ‘मूळ किंमत १,३५,०००’ आणि ‘३७,००० ची बचत’ हे दोन्ही आकडे जाहिरातीतून काढावेत, किंवा त्याच तारखांना, त्याच खोल्यांना हा भाव कोणत्या ग्राहकाने दिला त्याची बिले दाखवावीत. आणि जिथली प्रवेश तिकिटे पॅकेजच्या किमतीत धरलेली नाहीत, तिथे तसे कार्यक्रमपत्रिकेत त्या ठिकाणाच्या नावापुढेच लिहावे.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(४७) नुसार, एखादी सेवा सामान्यतः ज्या किमतीला दिली जाते तिच्याबद्दल लोकांची दिशाभूल करणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) तक्रार नोंदवीन आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

सोबत : आपला तक्ता, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, आपले बिल, दोन्ही हॉटेलांचे ई-मेल, गाडीच्या नंबरप्लेटचा आणि बोटीवरील एसीच्या वेळेच्या पाटीचा फोटो, प्रवेश तिकिटे.

आपला,
(बुकिंग क्रमांक बिलावर आहे)
पुणे