बंडूकाकांच्या फोनबद्दल

चि. सुजय,
अनेक आशीर्वाद.

लाडवांचा डबा कालच्या एसटीने पाठवला आहे, कंडक्टरची खूण आईने फोनवर सांगितलीच असेल. वरच्या खोलीचे पत्रे अजून तसेच आहेत. आक्का बरी आहे, टाके सुटले. पत्र त्यासाठी नाही.

परवा फोनवर बंडूकाकांचं सांगायला लागलो तर तू हसलास. "म्हातारी माणसं अशीच फसतात" म्हणालास आणि गिऱ्हाईक आलं म्हणून फोन ठेवलास. ते हसणं मला रात्रभर खटकत राहिलं. वाद घालायचा नाही असं ठरवून लिहायला बसलोय. पण झालं कसं ते नीट ऐक, कारण बंडूकाका काही वेडा माणूस नाही. चाळीस वर्षं उधारीची वही सांभाळतोय, खोटी नोट बोटाने ओळखतो.

बाजाराचा दिवस होता, साडेअकराची वेळ. काट्यावर शेंगदाणे, समोर चार गिऱ्हाइकं, खांदा आणि कान यांच्यामध्ये फोन. पलीकडचा मुलगा स्वच्छ मराठी बोलत होता. "काका, बँकेतून बोलतोय. तुमच्या क्यूआरचं केवायसी संपलंय, दोन वाजता बंद होईल. मग पैसे आल्याचं सांगणारा डबा बोलणार नाही." गल्ल्यापेक्षा जास्त पैसे आता त्या डब्यातून येतात. बाजाराच्या दिवशी तो बंद पडणं म्हणजे काय, हे फोन करणाऱ्याला पक्कं माहीत होतं.

मग त्याने बंडूकाकांचं पूर्ण नाव, दुकानाचं नाव, बँकेचं नाव आणि खाते क्रमांकाचे शेवटचे चार आकडे सांगितले. हे सगळं काकांच्या बिलबुकावर छापलेलं आहे. पुढे म्हणाला, "कार्डाचे पहिले सहा आकडे मी वाचतो, तुम्ही ताडून बघा." काकांनी पाकिटातून कार्ड काढलं. आकडे जुळले, आणि तिथेच त्यांचा विश्वास बसला. सुजय, कार्डावरचे पहिले सहा आकडे माणसाचे नसतातच. ते बँकेचे आणि कार्डाच्या प्रकाराचे असतात. त्याच बँकेचं तसलंच कार्ड असलेल्या हजारो लोकांचे ते सारखेच निघतात. बँक कळली की दोन-तीन अंदाजांत जमतं. पण ऐकणाऱ्याला वाटतं, याच्यासमोर आपलं खातं उघडं आहे.

उरलेले आकडे काकांनी "खात्री म्हणून" वाचून दिले. मुदतीचा महिना-वर्ष दिलं. मागचे तीन आकडेही दिले. इतकं हातात आलं की पलीकडच्याला कुठल्यातरी ऑनलाइन दुकानात ते भरून बटण दाबायचं असतं. त्याने दाबलं, आणि काकांच्या फोनवर मेसेज वाजला.

आता इथे थांबून वाच. तो मेसेज खरा होता. बँकेनेच पाठवलेला, बँकेच्याच नावाने, आधीचे सगळे खरे मेसेज ज्या ओळीत आहेत त्याच ओळीत खाली येऊन बसलेला. खोटा होता तो फक्त बोलणारा. लोक म्हणतात, "मेसेज तर बँकेचाच होता, मग फसवणूक कशी?" अरे, बँकेचाच असतो, म्हणून तर त्यातला कोड फसवणाऱ्याला तुझ्या तोंडून हवा असतो. त्याच्यासाठी ती शेवटची किल्ली, आणि ती तुझ्याच फोनवर येते.

पलीकडचा म्हणाला, "केवायसीचा संदर्भ क्रमांक आलाय, तेवढा वाचा, फोन ठेवू नका." फोन ठेवू न देण्याचं कारण साधं आहे. कोड काही मिनिटांतच मरतो. शिवाय फोन चालू असेपर्यंत माणूस दुसऱ्या कुणाला विचारू शकत नाही, आणि मेसेज उघडून बघण्याऐवजी वरच्या पट्टीवर जेवढं दिसतं तेवढंच वाचतो.

काकांचा चष्मा काउंटरवर नव्हता. सुट्टीमुळे नातू दुकानात होता, आठवीतला ओंकार. काकांनी फोन स्पीकरवर टाकला आणि त्याच्या हातात दिला, "वाच रे आकडा." पोराने मेसेज उघडला आणि शाळेत धडा वाचावा तसा पहिल्या शब्दापासून वाचायला लागला. मेसेज साधारण असा होता:

```
Rs 48750.00 for online purchase on
card ending 3071. OTP is ******.
Valid 5 min. Do not share.
```

"रुपीज फॉर्टी एट थाउजंड..." एवढं झाल्यावर काकांचा शेंगदाण्यातला हात थांबला. "कसले अठ्ठेचाळीस हजार?" पलीकडचा लगेच, "काका, ती चाचणीची रक्कम आहे, उलट तुमच्याच खात्यात येणार, फक्त शेवटचे सहा आकडे सांगा." पोरगं पुढे वाचतच होतं. काकांनी फोन हिसकावून घेतला तेव्हा पहिले दोन आकडे बोलून झाले होते. मिनिटाभरात दुसरा मेसेज आला, या वेळी नऊ हजार आठशेचा. मोठी रक्कम अडकली की छोटी करून बघतात. त्याबरोबर आवाजही बदलला, "खातं गोठवलं जाईल, जबाबदारी तुमची."

काकांनी फोन बंद केला. दोन आकड्यांवर निभावलं.

यात शहाणपण कमी आणि नशीब जास्त, हे मला मुद्दाम सांगायचंय. या बँकेच्या मेसेजात रक्कम आधी आहे, कोड नंतर. बऱ्याच बँका कोड अगदी सुरुवातीलाच लिहितात. तसा मेसेज असता तर ओंकारने पहिल्या श्वासात सहाही आकडे वाचले असते आणि रक्कम मागाहून कळली असती. म्हणून कोड आला की आधी "किती" आणि "कशासाठी" शोधायचं, आकड्याकडे शेवटी बघायचं. पैसे येण्यासाठी, केवायसीसाठी किंवा व्यवहार रद्द करण्यासाठी कुणाला फोनवर ओटीपी सांगावा लागत नाही. तो फक्त "हो" म्हणण्यासाठी असतो.

हे तुला माहीत आहे, मला ठाऊक आहे. तूच मला यूपीआय शिकवलंस. तरी दुकानात चार माणसं उभी असताना माहीत असलेलं आठवत नाही, आणि तू गर्दीत फोन उचलतोस. परवाही उचललास, माझाच होता तो, पण उचललास. बघ, पुन्हा व्याख्यान सुरू झालं. बँकेतल्या खिडकीमागची सवय, माफ कर.

मात्र नंतर काय केलं ते सांगायलाच हवं, कारण बहुतेक जण इथेच चुकतात. काका म्हणाले, "कोड दिला नाही, सुटलो." सुटले नव्हते. कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे बाहेर गेलेले होते. परदेशातल्या पुष्कळ वेबसाइटवर ओटीपी मागतच नाहीत. त्यामुळे ते कार्ड त्याच क्षणी बंद करायला हवं. काकांचा दुसरा मुलगा इंटरनेटवर बँकेचा नंबर शोधायला लागला होता. त्याला थांबवलं, कारण शोधल्यावर सापडणाऱ्या कस्टमर केअर नंबरांत या टोळ्यांनी पेरलेलेही असतात. कार्डाच्या मागे छापलेला नंबर लावला, कार्ड बंद केलं, तक्रार क्रमांक बिलबुकाच्या मागच्या पानावर लिहून घेतला. पैसे गेले नव्हते, म्हणून तो फोन नंबर सरकारच्या संचार साथी पोर्टलवरच्या 'चक्षू'वर कळवला.

पैसे गेले असते तर आधी १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आणि बँक, मग cybercrime.gov.in, आणि तेही संध्याकाळी दुकान वाढवल्यावर नाही, त्याच मिनिटाला. गेलेला पैसा एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या असा तासाभरात पांगतो. वाटेत कुठे अडवता आला तरच परत मिळायची आशा. आणि रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाचा अर्धाच भाग लोकांना पाठ असतो, की तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाचं नुकसान शून्य. ते चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, तेव्हा. कोड स्वतःच्या तोंडाने सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान आपलं. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे प्रत्येक मिनिटाला किंमत आहे.

तुझ्या दुकानासाठी दोनच गोष्टी करून ठेव. पहिली, बँकेला दिलेला मोबाइल नंबर आणि पाटीवरचा नंबर वेगळा ठेव. चाकणात रंगाच्या डब्यावर, बिलावर, गाडीवर तुझा नंबर छापलेला आहे, तो जगाचा झाला. बँकेचं सिम साध्या फोनमध्ये गल्ल्यात असू दे. मग पाटीवरच्या नंबरावर कुणी बँकेचा माणूस म्हणून आला की तिथेच कळेल. पण त्या सिमचं रिचार्ज विसरू नकोस. तीन महिने वापर नसलेला नंबर कंपनी बंद करू शकते, आणि पुढे तो दुसऱ्या कुणाला मिळतो. तसं झालं तर तुझे कोड त्याच्या घरी वाजतील.

दुसरी, चालू खात्याच्या कार्डाचा ऑनलाइन वापर बँकेच्या ॲपमध्ये बंद करून ठेव. कार्डावर अशी चालू-बंदची सोय आणि मर्यादा ठरवायची मुभा २०२० पासून सगळ्या बँकांना द्यावी लागते. माल ऑनलाइन मागवायचा असेल त्या दिवशी उघड, काम झालं की बंद कर. काकांचं हे बटण बंद असतं तर त्या दिवशी कोडचा मेसेज वाजलाच नसता. आणि फोन करणाऱ्याचं नाव दाखवणाऱ्या ॲपवर विश्वास ठेवू नकोस, तिथे लोक हवं ते नाव टाकतात.

आणि गर्दीत फोन... जाऊ दे.

तू सात वर्षांचा असताना बंडूकाकांच्या दुकानातून पाव किलो गूळ आणायला गेलास आणि दहाची नोट देऊन वीसचे सुटे घेऊन आलास. घरी मोजल्यावर रडत परत द्यायला पळालास. काका अजून सांगतात. परवाही, फोन बंद करून पाणी प्यायल्यावर, पहिलं तेच म्हणाले, "सुजय असता तर त्याला वाचायला दिलं असतं." मी काही बोललो नाही. तू दुकान टाकलंस तेव्हाही नीट काही बोललो नव्हतो, त्या मोटारसायकलच्या विषयामुळे. चांगलं चाललंय तुझं. आईला सांगतो मी रोज.

ओंकारला काकांनी सायकल घेऊन द्यायचं कबूल केलंय.

उद्यापासून मी रात्री नवानंतर फोन करीन, दुकान वाढवल्यावर. त्याआधी वाजला आणि गिऱ्हाईक असेल तर उचलू नकोस, मी असलो तरी.

तुझे,
बाबा