मुलाखतीची वेळ मान्य करतानाच सोय मागून घ्यावी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दिव्यांगांच्या नोकऱ्यांचा विषय निघाला की चर्चा आरक्षणाच्या टक्केवारीपाशी सुरू होते आणि तिथेच थांबते. मी भुसावळला कर्णबधिर मुलांना शिकवते. शाळा सोडून गेलेली मुलंमुली अर्ज दाखवायला, मेल वाचून घ्यायला अजून घरी येतात. त्यांची संधी बहुतेक वेळा ज्या ठिकाणी निसटते, त्याबद्दल कुठे लिहिलेलं दिसत नाही, म्हणून हे पत्र. कंपनीकडून मुलाखतीची वेळ कळवणारा मेल येतो, त्याला दोन ओळींचं उत्तर द्यायचं असतं आणि त्या दोन ओळींत आपली अडचण सांगावी की नाही, यावर घरात दोन दिवस खल चालतो. तोवर उत्तर द्यायची मुदत टळलेली असते.

पारोळ्याकडच्या एका विद्यार्थिनीचं उदाहरण सांगते. दोन्ही कानांना श्रवणयंत्र आहे. समोर बसलेल्या माणसाचे ओठ दिसत असतील तर तिला बोलणं चांगलं समजतं. बी.कॉम. झाली, टॅली शिकली आणि नाशिकच्या एका खासगी कंपनीत लेखा सहायकाच्या जागेसाठी तिने अर्ज केला. मेल आला: गुरुवारी सकाळी साडेअकराला आमचे अधिकारी फोन करतील, साधारण अर्धा तास बोलतील, वेळ चालेल का ते कळवा.

फोन म्हटल्यावर घरात सगळे गप्प. फोनवर ओठ दिसत नाहीत आणि स, श, फ यांसारखी व्यंजनं आधीच पुसट ऐकू येतात, त्यामुळे तिला वाक्याचा अर्धाच भाग हाती लागतो. आई म्हणाली, "आते नको सांगू, पहिले नोकरी लागू दे." भावाने वेगळाच तोडगा काढला: मी शेजारी बसतो, फोन स्पीकरवर टाकू, तू माझ्याकडे बघ, मी ओठांनी सांगतो. हा तोडगा आमच्याकडे बऱ्याच घरांत वापरला जातो आणि तो हमखास अंगाशी येतो. प्रत्येक उत्तराआधी चार-पाच सेकंदांची शांतता, मागे कुजबुज. पलीकडच्या माणसाला वाटतं की कोणीतरी उत्तरं सांगतंय. तो तसं बोलून दाखवत नाही, फक्त पुढे मेल येत नाही. मुलीला वाटतं आपल्याला हिशेब आला नाही म्हणून नाकारलं.

तिने लिहिलेला कच्चा मेल मोठा होता. लहानपणी ताप आला तिथपासून सुरुवात, अपंगत्वाची टक्केवारी, सोबत प्रमाणपत्राची प्रत आणि शेवटी "कृपया सांभाळून घ्यावे". एवढं वाचूनही कंपनीने नेमकं करायचं काय, हे कळत नव्हतं. आम्ही तो बाजूला ठेवला आणि नव्याने लिहिला. मूळ मेल इंग्रजीत गेला, वाचकांना उपयोगी पडेल म्हणून त्याचा मराठी मजकूर देते:

"नमस्कार. लेखा सहायक पदाच्या मुलाखतीसाठी निवडल्याबद्दल आभार. गुरुवारी सकाळी साडेअकराची वेळ मला चालेल.

मला कमी ऐकू येतं, मी श्रवणयंत्र वापरते. बोलणाऱ्याचा चेहरा दिसला तर मला बोलणं समजतं, फोनवर मात्र नीट समजत नाही. त्यामुळे ही मुलाखत त्याच वेळी व्हिडिओ कॉलवर घ्यावी, अशी विनंती आहे. कॉल सुरू असताना पडद्यावर बोलण्याची लिखित ओळ चालू ठेवावी आणि आकडे किंवा कराच्या संज्ञा असलेले प्रश्न चॅटमध्येही टाइप करावेत. व्हिडिओ कॉल शक्य नसेल तर मी नाशिकला कार्यालयात येऊन मुलाखत देऊ शकते.

प्रश्नांत किंवा त्यांच्या काठिण्यात कोणताही बदल नको आहे. ही व्यवस्था होईल का, ते मंगळवारपर्यंत कळवावं."

पहिल्याच ओळीत वेळ पक्की केली आहे, म्हणजे मेल वाचणाऱ्याचं मुख्य काम झालं आणि उमेदवार येणार हे त्याला कळलं. त्यानंतर आजाराचा इतिहास न सांगता अडचण नेमकी कुठे येते एवढंच सांगितलं. पुढच्या मागण्या अशा आहेत की मनुष्यबळ विभागातली व्यक्ती साहेबांना न विचारता बसल्या जागी करू शकेल. आणि एक पर्यायही दिला आहे. पर्याय नसला की "आमच्याकडे व्हिडिओची पद्धत नाही" एवढ्या एका वाक्यावर विषय संपतो. चॅटची ओळ मी मुद्दाम घालायला लावली. गुगल मीटवर खाली CC असं बटण असतं, ते दाबलं की बोलणं लिहून येतं, पण आपल्याकडे मुलाखत अर्धी मराठीत, अर्धी इंग्रजीत चालते आणि त्या खिचडीत ही सोय गडबडते. "टीडीएस अठरा हजार की ऐंशी हजार" असल्या प्रश्नात पडद्यावर भलतंच काही उमटतं. लेखा विभागाच्या मुलाखतीत आकडा चुकला तर उत्तरही चुकणार.

प्रमाणपत्र जोडलं नाही, यावर तिच्या वडिलांचा आक्षेप होता. राखीव जागेसाठी अर्ज असेल तर किमान ४० टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतंच, त्यात वाद नाही. पण सोय मागणं आणि आरक्षण मागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परीक्षेत लेखनिक मिळण्यासाठी केंद्रीय लोकसेवा आयोगाविरुद्ध विकास कुमार यांनी लढवलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये हेच स्पष्ट केलं. त्यांना लिहिताना हात आखडण्याचा विकार होता आणि ४० टक्क्यांची अट पूर्ण होत नाही म्हणून लेखनिक नाकारला गेला होता. वाजवी सोय मिळण्यासाठी ती अट लावता येणार नाही, असं न्यायालयाने सांगितलं. खासगी कंपनीने कागद मागितला तर तेव्हा द्यावा. पहिल्याच मेलला वैद्यकीय कागदांची चळत जोडली की वाचणाऱ्याचं लक्ष कामावरून कानावर जातं.

कायदा कुठवर साथ देतो, हेही उमेदवाराला माहीत हवं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये भेदभावाची जी व्याख्या आहे, तिच्यात वाजवी सोय नाकारणंही येतं. कर्मचाऱ्याला अशी सोय देण्याचं थेट बंधन कलम २० ने सरकारी आस्थापनांवर घातलं आहे. खासगी आस्थापनांना कलम २१ प्रमाणे समान संधी धोरण जाहीर करावं लागतं. वीस किंवा अधिक कर्मचारी असतील तर २०१७ च्या नियमांनुसार त्या धोरणात निवडीची पद्धत, दिव्यांगांसाठीच्या सोयी आणि संपर्क अधिकाऱ्याची नेमणूक यायला हवी. म्हणून मेल पाठवण्याआधी कंपनीच्या संकेतस्थळावर ते धोरण शोधावं. संपर्क अधिकाऱ्याचा पत्ता सापडला तर त्यालाही प्रत पाठवावी. मात्र कलमांचे आकडे पहिल्या मेलमध्ये घालू नयेत, असं माझं मत आहे. नकार आला, तर दुसऱ्या पत्रात ती घालायलाच हवीत. तरीही दाद मिळाली नाही तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांचं कार्यालय आहे.

कायद्याने मर्यादाही घातली आहे: सोय देणाऱ्यावर अवाजवी बोजा पडता कामा नये. फोनऐवजी व्हिडिओ कॉल हा बोजा नाही. पण ज्या कामात दिवसभर ग्राहकांचे फोनच घ्यायचे आहेत, त्या जागेसाठी "मला फोन देऊ नका" ही मागणी टिकणं कठीण आहे. सोय मुलाखतीत मागितली म्हणून नोकरीतही कामाचा गाभा बदलेल, असं मुलांनी धरून चालू नये. म्हणून जाहिरातीतलं कामाचं वर्णन आधी नीट वाचायला मी सांगते.

आता तिचं पुढे काय झालं ते. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: "नोंद घेतली." घरच्यांना वाटलं, झालं काम. पण कॅलेंडरचं जे निमंत्रण आलं होतं त्यात व्हिडिओची लिंक नव्हती, तिचा मोबाइल नंबरच होता. नोंद मनुष्यबळ विभागाने घेतली होती, मुलाखत घेणाऱ्यांपर्यंत ती पोहोचलीच नव्हती. हे वारंवार घडतं. निमंत्रणात लिंक आहे का आणि मुलाखत घेणाऱ्यांना सांगितलं आहे का, हे आदल्या दिवशी एका ओळीत विचारून घ्यावं. तिने विचारलं, तेव्हा लिंक आली. मुलाखतीच्या वेळी तिघांपैकी एक साहेब खिडकीकडे पाठ करून बसले होते. मागून उजेड आल्यामुळे त्यांचा चेहरा काळा दिसत होता, ओठ दिसेनात. तिने लगेच सांगितलं, "सर, चेहरा दिसत नाही, थोडं बाजूला बसता का?" ते सरकले. सोय आधी लेखी मागितलेली होती म्हणूनच तिला हे वाक्य बिनदिक्कत बोलता आलं, असं मला वाटतं. तिला ती नोकरी मिळाली नाही, तिथे अनुभवी उमेदवार हवा होता आणि तसं त्यांनी कळवलं. पण अर्धा तास तिला हिशेबाचेच प्रश्न विचारले गेले आणि तिने ते समजून सोडवले.

शेवटी आपल्याकडे आणि जळगाव, धुळे, नंदुरबारच्या उद्योजकांकडे एक मागणी. वृत्तपत्रांत थेट मुलाखतीच्या जाहिराती येतात, त्यांत बऱ्याचदा पत्ता आणि फक्त "संपर्क" म्हणून एक मोबाइल नंबर असतो. ज्याला फोनवर ऐकू येत नाही, त्याने वेळ विचारायची कशी आणि सोय मागायची कुठे? जाहिरात घेतानाच आपल्या जाहिरात विभागाने जाहिरातदाराला विचारावं, की ई-मेल किंवा मेसेज पाठवता येईल असा नंबर छापायचा का, आणि "मुलाखतीसाठी काही सोय हवी असल्यास दोन दिवस आधी लिहून कळवावे" ही ओळ घालायची का. ही ओळ छापलेली असेल तर मुलं सोय मागायला कचरणार नाहीत आणि घरच्यांनाही "सांगू नको" म्हणायचं कारण उरणार नाही.

आपली विश्वासू,
एक विशेष शिक्षिका, भुसावळ