स्टार ३३१ आणि आपला घरचा फोन

ती. आई-बाबा, सा. न.

फोनवर सांगायला गेले की बाबा "हो हो कळलं" म्हणतात आणि आई "नंतर बोलू गं, दूध वर आलंय" म्हणते, म्हणून घरच्या फोनवरून परदेशात जाणारे कॉल कसे बंद करायचे ते यावेळी सगळं लिहूनच पाठवतेय. काकांना सांगा मोठ्या अक्षरात प्रिंट काढून द्यायला.

आधी गेल्या महिन्यात नक्की काय झालं ते. घरचा फोन बाबा वापरतात, तू वापरतेस, पिंट्या सुट्टीला आला की तोही, आणि दुपारी शेजारच्या मावशी "जरा एक फोन लावू का" म्हणून येतात. त्यात कुणीतरी एका मिस्ड कॉलला उलटा फोन लावला. नंबर + ने सुरू होणारा होता पण त्यापुढे 91 नव्हतं, म्हणजे बाहेरच्या देशातला. ते लोक एक रिंग देऊन मुद्दाम कट करतात, आपण परत लावला की पलीकडे नुसतं गाणं वाजत राहतं आणि इकडे पैसे जातात. आपलं पॅक अनलिमिटेड आहे खरं, पण ते देशातल्या देशात, बाहेरचा कॉल मेन बॅलन्समधून कापला जातो. तसे गेले ते १४० रुपये. मावशींना उगाच बोलू नका, त्यांना काय माहीत.

मग परदेशात जाणारे कॉल बंद करायला मी पिंट्याला कागदावर 331 चा कोड लिहून दिला आणि त्याने 331 च्या जागी 35 दाबलं. 35 म्हणजे येणारे सगळे कॉल बंद. रविवारी मी मस्कतहून सात-आठ वेळा फोन लावला, दर वेळी कंपनीची टेप, सोमवारीही तेच. माझा जीव टांगणीला, शेवटी काकांना पाठवलं तर बाबा मजेत ओसरीवर बसलेले, फोन चार्ज, नेटवर्क फुल, सकाळीच डॉक्टरांशी बोलणं झालेलं. म्हणजे लक्षात ठेवा, आपला फोन बाहेर लागतोय पण दोन दिवस कुणाचाच आला नाही, मिस्ड कॉलसुद्धा पडला नाही, तर हे दाबून बघायचं:

```
*#35#
```

याने फक्त कळतं की लॉक चालू आहे की बंद, बिघडत काही नाही, पासवर्डही लागत नाही. चालू दिसलं तर काढायला #35* मग पासवर्ड मग #.

आणि इथेच बाबा तुम्ही घोळ घातलात. फोन चालू करताना तुम्ही जो आकडा टाकता तो सिमचा पिन. कॉल बारिंगचा, म्हणजे या कॉल बंद करायच्या लॉकचा, पासवर्ड वेगळा, चारच आकडी, आणि तो फोनमध्ये नाही, सिममध्येपण नाही, कंपनीच्या नेटवर्कमध्ये असतो. तुम्ही सिमचा पिन ओळीने ३ वेळा टाकलात म्हणून पासवर्ड ब्लॉक झाला, मग फोन बंद करून चालू केला, बॅटरी काढली, सिम काकांच्या फोनमध्ये घातलं, कशाने काय होणार, लॉक नंबरवर बसलेलं असतं ना, कुठल्याही फोनमध्ये घातलं तरी तसंच राहणार. शेवटी आधार कार्ड घेऊन दुकानात जावं लागलं ते त्यामुळेच.

आता त्यांनी पासवर्ड परत 0000 करून दिलाय असं तुम्ही म्हणालात. काही कंपन्यांचा 1234 असतो, म्हणून असं परत कधी झालं तर अंदाजाने टाकत बसू नका, आधी विचारायचं. पहिलं काम हा पासवर्ड बदलणं, कारण 0000 पिंट्यालाही माहीत आहे आणि त्याच्या मित्रांनाही. जुना एकदा, नवा दोनदा:

```
**03*330*0000*4827*4827#
```

4827 मी उदाहरणाला लिहिलाय, तोच घेऊ नका. आणि जन्मसालही नको बाबा. आईच्या डाळ-तांदळाच्या हिशोबाच्या वहीत शेवटच्या पानावर लिहून ठेवा, ती वही दुसरं कुणी उघडत नाही.

मग खरं लॉक. आपल्याला फक्त परदेशात जाणारे कॉल बंद करायचेत, त्याचा नंबर 331 (शेवटी तुमचा नवा पासवर्ड):

```
*331*4827#
```

ड्युअल सिम आहे, कुठलं सिम विचारलं तर पहिलं दाबा, लॉक ज्या सिमवरून कराल त्यालाच लागतं. झालं की नाही ते *#331# ने बघा. उघडायचं असेल तर पहिला स्टार काढून तिथे हॅश, म्हणजे #331*4827#. सुरुवातीला स्टार म्हणजे लावलं आणि हॅश म्हणजे काढलं, एवढं डोक्यात बसलं की बास.

कोड दाबल्यावर स्क्रीनवर Connection problem or invalid MMI code असं आलं तर घाबरू नका, तुमचं चुकलंय असंच काही नाही, ४जी वर काही कंपन्या हे कोड घेतच नाहीत. एकदा नीट बघून परत दाबा, तरी तेच आलं तर कस्टमर केअरला सांगायचं की आयएसडी आउटगोइंग बंद करा, काम तेच होतं.

आता यात एक गोची आहे. 331 लावलं की बाबांचा मला मस्कतला मिस्ड कॉल द्यायचा कार्यक्रम बंद. लॉकला मुलगी आणि चोर यातला फरक कळत नाही, +968 म्हणजे परदेश, विषय संपला. माझा फोन तुम्हाला नेहमीसारखाच येईल, आणि व्हॉट्सअ‍ॅप कॉल दोन्हीकडून चालतील कारण ते नेटवरून जातात, त्यांना हे लॉक लागत नाही. म्हणजे आई, आता मिस्ड कॉलऐवजी व्हॉट्सअ‍ॅपवर नुसता एक अंगठा पाठव, मी लावते.

बाबा विचारत होते की मग सगळेच जाणारे कॉल बंद का नको, मावशींचा प्रश्नच मिटेल. त्याचा कोड 33 आहे, पण तो लावला तर तुम्हाला डॉक्टरांना फोन करायलाही दर वेळी पासवर्ड टाकून उघडावं लागेल. ११२ तेवढा लागतो, इमर्जन्सीला हे लॉक आड येत नाही, पण रात्री बाबांना धाप लागली आणि तुला काकांना हाक मारायची असली तर ते ११२ मध्ये बसत नाही. म्हणून 33 नको. मावशींना करू दे फोन, गावातल्या गावात तर करतात.

आणि त्या लोनवाल्या मुलीचे फोन याने थांबणार नाहीत. ती इथलीच, +91 वाली, आणि बारिंगमध्ये एक नंबर निवडून बंद करता येत नाही. ते फोनमध्येच त्या नंबरवर जाऊन ब्लॉक करायचं, काका दाखवतील.

अजून एक. कुणी फोन करून सांगितलं की कंपनीतून बोलतोय, स्टार 21 स्टार आणि पुढे हा नंबर दाबा, तर अजिबात दाबायचं नाही. तो लॉकचा कोड नाही, त्याने तुमचे सगळे कॉल त्या माणसाकडे वळतात, बँकेचे ओटीपीचे कॉलपण. चुकून दाबलंच तर लगेच ##002# दाबा, सगळं वळवणं निघतं, आणि मग मला कळवा.

शनिवारी मी संध्याकाळी तुमच्या ७ वाजता फोन करेन, तोवर पासवर्ड बदलून 331 लावून ठेवा. फोन लागला नाही तर मी समजेन की परत 35 दाबलंय.

आईच्या गुडघ्याचं तेल पाठवलंय, पिंट्याच्या बाबांबरोबर येतंय.

तुमची,
मनू