पिवळ्या रंगाची पोस्ट टाकायच्या आधी हे वाचा

ताईहो, मागच्या होळीत एका गिऱ्हाइकाचा फोन आलता, म्हणे तुमचा पिवळा रंग साबण लावल्याबरोबर लाल झाला, केमिकल हाय त्यात. आता काय सांगावं, ती हळदच होती! हळदीला साबण, सोडा नाहीतर चुना लागला का लालसर होते, लिंबू पिळलं का परत पिवळी. यंदा पिवळ्याच्या प्रत्येक पोस्टमध्ये हे लिहाच, आन कपड्यावर डाग राहू शकते तेही लिहा, लपवू नका.

दुसरं म्हणजे हळदीत चुना कालवून लाल रंग कोणी करू नका. कुंकू तसंच करतात हे मलेही माहीत हाय, पण कुंकू बोटभर लागते, होळीचा रंग डोळ्यात जाते, घामाच्या अंगावर तासभर राहते आन चुन्यानं आग होते. शंका आली तर चिमूटभर लाल रंग वाटीत घेऊन वरून लिंबू पिळा, पिवळा पडला तर ते पाकीट इकू नका. गुलाबीसाठी आपलं वाळवलेलं बीट हायच.

घटक सरळ लिहा, मक्याचा स्टार्च आन हळद, बस. "कोणालेच त्रास नाही" असं मात्र नको, हळदीचीही ॲलर्जी होते कोणाकोणाले. आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूले थोडा लावून पाहा, खाज आली तर वापरू नका, एवढं लिहा.

पोस्ट टाकायच्या आधी मले दाखवा.