दुपारची स्वस्त वीज आणि उशिरा सुरू होणारं वॉशिंग मशीन : ऊर्जामंत्र्यांना खुले पत्र

मा. ऊर्जामंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सप्रेम नमस्कार.

मी दर्यापूर तालुक्यातल्या खारपाणपट्ट्यातली एक शेतकरी गृहिणी. वीज नियामक आयोगाने 1 जुलै 2025 पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेत युनिटमागे 80 पैशांची सवलत दिली आणि ती पुढच्या काही वर्षांत 1 रुपयापर्यंत जाईल असं जाहीर झालं. हा निर्णय मला मनापासून पटला. पण ज्या घरातली सगळी माणसं त्याच वेळेत वावरात असतात, त्या घरांनी ती सवलत घ्यायची कशी, हे कोणी सांगितलं नाही. म्हणून हे पत्र.

कापूस वेचणीच्या दिवसांत आम्ही सकाळी आठच्या आत घराबाहेर पडतो आणि दिवस कलल्यावर परततो. मग कपड्यांचं मशीन लागतं सात-साडेसातला. नेमकी तेव्हाच गावभर टीव्ही, मिक्सर, पंखे, पाण्याच्या मोटरी सुरू असतात आणि व्होल्टेज इतकं पडतं की कपडे पिळायच्या वेळी ड्रम नुसता गुरगुरतो, वेग घेत नाही. हेच मशीन दुपारी चाललं तर सवलतही मिळेल आणि व्होल्टेजही. त्यासाठीचं बटण मशीनवर आहेच: डिले स्टार्ट. सकाळी कपडे आणि पावडर टाकायची, वेळ लावायची आणि कामाला निघायचं.

ही सोय पूर्ण ऑटोमॅटिक मशीनलाच असते. दोन टबांच्या सेमी ऑटोमॅटिकला नसते, आणि आमच्या गावांत तीच जास्त आहेत. शिवाय अनेकजणी अजून रात्री उशिराची वेळ लावतात, कारण रात्रीची वीज स्वस्त असं त्यांनी कारखान्यांच्या बाबतीत ऐकलेलं असतं. घरगुती ग्राहकाला ही सवलत दिवसाची आहे, रात्रीची नाही. दुसरा घोळ बटणाचाच. काही मशीनमध्ये आपण लावतो ती सुरू होण्याची वेळ असते, तर काहींत धुणं संपण्याची. सकाळी 7 वाजता ‘6 तास’ लावले तर पहिल्या प्रकारचं मशीन दुपारी 1 ला सुरू होतं. दुसऱ्या प्रकारचं, दोन तासांचं धुणं असेल तर, 11 लाच सुरू होऊन 1 ला थांबतं आणि ओले कपडे बंद ड्रममध्ये संध्याकाळपर्यंत कुबट होत बसतात. आम्ही पाचच्या सुमारास घरी येतो, म्हणून धुणं साडेचारला संपेल असा हिशेब धरतो.

पैशाचा हिशेबही सरळ सांगते. आमच्या खाऱ्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, म्हणून मातीचे कपडे 40 अंशांवर धुवावे लागतात. हीटरसह एका धुण्याला साधारण पाऊण युनिट वीज लागते. म्हणजे सवलत मिळते 60 पैसे. महिन्याला वीस धुणी धरली तर 12 रुपये. थंड पाण्याने धुतलं तर वीज पाव युनिटाच्या आत लागते आणि सवलत फार तर 20 पैसे होते. म्हणजे वेळ बदलण्यापेक्षा हीटर बंद ठेवल्याने जास्त वाचतं. पण आपल्या भागात दुपार आणखी एक देणगी देते. एप्रिल-मे महिन्यांत गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दोन वाजता हाताला चटका देतं. त्या वेळी मशीनमध्ये येणारं पाणीच इतकं तापलेलं असतं की हीटरला फारसं काम उरत नाही. सकाळी किंवा रात्री हे जमत नाही. टाकी मात्र सकाळीच भरून ठेवावी लागते, नाहीतर मशीन पाण्याची वाट पाहत थांबतं आणि एरर देतं.

एका घरासाठी 12 रुपये काही मोठी रक्कम नाही. पण संध्याकाळच्या गर्दीतून दोन हजार वॅटचा हीटर काढून दुपारच्या सौर विजेवर नेला, तर गावच्या ट्रान्सफॉर्मरवरचा ताण खरोखर हलका होतो. सवलत ठेवण्यामागचा हेतू मला तरी तोच दिसतो.

आता माझ्या मुख्य तक्रारीकडे येते. वेळ लावून आम्ही निघतो आणि मध्येच वीज जाते, कधी पाच मिनिटं, कधी तासभर. बऱ्याच मशीन धुणं सुरू असताना वीज गेली तर परत आल्यावर पुढे सुरू करतात. पण वेळ मोजत उभं असलेलं मशीन वीज जाताच बंद होतं आणि अनेक मॉडेलमध्ये वीज आल्यावरही बंदच राहतं. संध्याकाळी घरी येऊन झाकण उघडावं तर कपडे कोरडे आणि ट्रेमध्ये पावडर जशीच्या तशी. ते पाहूनच कळतं की दुपारी वीज गेली होती. मग तेच धुणं पुन्हा सात वाजता, पडलेल्या व्होल्टेजवर. असं दोनदा झालं की बाई डिले स्टार्टला पुन्हा हात लावत नाही.

छतावर सौर पॅनल असलेल्यांनाही यातून सुटका नाही. पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॉटला 78 हजार रुपये अनुदान मिळतं, म्हणून गावात पॅनल दिसू लागले आहेत. लोकांची समजूत अशी की ऊन आहे तोवर घर चालेल. पण ग्रीडला जोडलेला साधा इन्व्हर्टर लाइन गेली की स्वतःही बंद होतो. खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला आपल्या घरातून धक्का बसू नये म्हणून तसं करणं गरजेचंच आहे. बॅटरी नसेल तर डोक्यावर भर ऊन असूनही मशीन ठप्प. अर्ज भरून घेताना ही गोष्ट स्पष्ट सांगितली जात नाही.

म्हणून साहेब, मागण्या तीनच आहेत.

गावठाण फीडरवर देखभालीसाठी वीज बंद ठेवायची असेल तर त्या फीडरवरच्या ग्राहकांना आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत मराठीत मेसेज यावा, कोणत्या वेळी जाणार आणि कधी येणार यासह. म्हणजे त्या दिवशी आम्ही वेळच लावणार नाही. आणि शक्य तिथे हे काम 11 ते 3 सोडून व्हावं, कारण सौर वीज भरपूर असते ती हीच वेळ.

स्मार्ट मीटर बसवताना 9 ते 5 ची सवलत, आणि सौर अर्ज घेताना ‘लाइन गेली तर पॅनलही बंद’ ही बाब, एका पानावर छापून ग्राहकाच्या हाती द्यावी.

तिसरी मागणी केंद्राकडे न्यायची आहे. वॉशिंग मशीनने लावलेली वेळ वीज गेल्यावरही लक्षात ठेवावी आणि वीज आल्यावर धुणं सुरू करावं, अशी अट उपकरणांच्या मानकांत घालण्याची शिफारस राज्याने करावी. धुणं अर्ध्यावर असताना मशीनला आठवण राहू शकते, तर वाट पाहताना का राहू नये?

आपली,
एक घरगुती वीजग्राहक
तालुका दर्यापूर, जिल्हा अमरावती