काटा कुठे पडतो ते आधी बघ

नागपूर,
12 ऑक्टोबर

प्रिय दिलीप,

तुझं पत्र वाचलं आणि भिंतीला ओल येते म्हणून बाथरूमच्या सगळ्या टाइल्स काढून वॉटरप्रूफिंग करायचं म्हणतोयस, ते वाचून घाईघाईनं लिहायला बसलो. अमरावतीत मजुरी स्वस्त असेल बाबा, पण थोडा थांब. माझंही उन्हाळ्यापासून हेच चाललं होतं.

आमच्या बेडरूमची एक भिंत बाथरूमला लागून आहे आणि त्याच भिंतीच्या कोपऱ्याशी खिडकीत कूलर. मे महिन्यात ओल दिसली तेव्हा घरात सगळ्यांनी कूलरवर खापर फोडलं. जुलैत पावसावर. पुढे कूलर उतरवून झाला, पाऊस गेला, तरी रंगाचे पापुद्रे निघत होते आणि खाली पांढरा लोणा फुलत होता. म्हणजे भिंतीला रोज कुठून तरी पाणी मिळत होतं.

मग रात्री दहाला सगळे नळ बंद करून गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीत पाण्याच्या पातळीवर खडूनं रेघ मारली. ही रात्र निवडताना नळाचं पाणी टाकीत येणार नाही एवढं पाहून घे. सकाळी सहाला पाणी रेघेच्या दोन सेंटिमीटर खाली. आमच्या टाकीत एक सेंटिमीटर म्हणजे साधारण नऊ लिटर, तेव्हा आठ तासांत अठराएक लिटर गेलं. वापर नसताना गेलं, म्हणजे गळती ड्रेनेजची नाही, भरलेल्या लाइनची. फ्लशची टाकी गळत नाही ना, तेवढं आधी पाहून घेतलं होतं.

आमच्या प्लंबरला भिंत दाखवली. मी छिन्नी-हातोडा काढायलाच निघालो होतो. तो म्हणाला, "थांबा ना भाऊ, आधी पंप लावून पाहू. फोडायला काय, कधीबी फोडता येते."

त्याचा पंप म्हणजे पाण्याचा छोटा डबा, हातानं मारायचा दांडा आणि वर गेज. बाथरूमचा मेन कॉक बंद केला. मिक्सर काढला, कारण मिक्सरच्या आतून गरम आणि थंड लाइन एकमेकींना मिळतात आणि मग कोणती पडते ते कळत नाही. गीझरचे दोन्ही पाइप सोडवले. गीझरवर दाब द्यायचा नसतो, त्याचा सेफ्टी व्हॉल्व्ह उघडला तर काटा उगाच पडतो. सगळ्या तोंडांवर टेफ्लॉन लावून डमी बसवल्या. मग वरची एक डमी सैल करून बुडबुडे संपेपर्यंत पाणी वाहू दिलं, कारण लाइनमध्ये हवा राहिली तर ती दाबानं आकसत राहते आणि काटा फसवतो.

पंपाचा स्वतःचा व्हॉल्व्हही गळू शकतो, म्हणून आधी त्याचंच तोंड बंद करून 5 किलो दाबावर दहा मिनिटं ठेवला. काटा हलला नाही. मग थंड लाइन: 5 किलो, अर्धा तास, काटा जागच्या जागी. गरम लाइन: 5 वरून वीस मिनिटांत 3. सगळ्या डमी कोरड्या पुसून टिश्यू पेपरनं पाहिल्या, एकही ओली नव्हती. म्हणजे गळती भिंतीच्या आत, गरम लाइनमध्ये. जुन्या लाइनला त्यानं याहून जास्त दाब दिला नाही, आणि ते बरोबरच. नाही तर कमकुवत सांधा आपणच फोडायचो. टाकीमुळे लाइनवर एरवी एक किलोसुद्धा येत नाही.

पण दिलीप, पंप एवढंच सांगतो की कोणती लाइन. जागा सांगत नाही. त्यासाठी डाग वाचावा लागला. पाणी चरीतून खाली उतरतं, म्हणून खालची ओल कितीही पसरली तरी तिच्यात काही नसतं. बघायचा तो डागाचा सर्वांत वरचा काठ. आमचा साधारण चार फुटांवर होता, म्हणजे मिक्सरच्या थोडा वर. ओल भिंतीत थोडी वर चढते, तेव्हा गळती त्याच्या किंचित खाली धरायची. पुन्हा दाब भरून प्लंबरनं लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक टाइलला आणि मूठ कानाला लावली. मलाही ऐकवलं. मिक्सरच्या उजव्या बाजूला बारीक सूं ऐकू येत होतं, बाकी ठिकाणी गप्प.

एकच टाइल काढली. पितळी आट्याच्या एल्बोला केसाएवढी चीर. दोन वर्षांपूर्वी नवा मिक्सर बसवताना कुणीतरी पाय जरा जास्तच आवळला होता. कुणी आवळला ते मला माहीत आहे, पण ते राहू दे, त्या दिवशी पाना माझ्याच हातात होता.

नवा एल्बो लावून सोल्यूशन रात्रभर वाळू दिलं, सकाळी पुन्हा 5 किलोवर तासभर. काटा स्थिर राहिल्यावरच मिक्सर लावला. काढलेल्या टाइलची चौकट अजून उघडी ठेवली आहे. भिंत वाळायला काही आठवडे जातील, रंग तोवर नाही.

तुझ्याकडे दोन्ही लाइनींचा काटा हलला नाही, तर नहानी ट्रॅपकडे वळ: तोंड बंद करून रंगीत पाणी भर आणि दुसऱ्या बाजूला रंग उतरतो का बघ. पंप मारायला प्लंबरला बोलावशील तेव्हा गेज चालू आहे का तेही विचार, आणि निकाल फोनवर सांग. काकूंना नमस्कार.

तुझा,
सुहास