मूळ फोटो मिळाला

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री ग्रुपवर तू लिहिलंस, "मामी, फोटो छान आहे, पण यात माझा चेहरा बारीक केलाय. मला मूळ फोटो पाठवशील का?" मामीने अंगठा टाकला आणि तोच फोटो पुन्हा पाठवला. मला आधी वाटलं, चारचौघांत कशाला, सरळ फोन करायचा. मोठ्या माणसांशी बोलताना जरा... जाऊ दे. तिने तरी तुला कुठे विचारलं होतं?

खरं सांगते, मला फोटोत काही कळलंच नव्हतं. वाटलं, पोर वाळली. मेसचं जेवण. रात्री जेवतेस ना?

बाबांनी मोठा करून दाखवला. तुझ्या गालापाशी देवघराच्या दाराची चौकट तुझ्याकडे वाकली आहे, पावसाने लाकूड फुगावं तशी. गाल आत ओढला की त्याला लागून जे असेल तेही ओढलं जातं म्हणे. तुझा डावा झुमकासुद्धा चिंचोळा झालाय. आजीच्या मागची चौकट मात्र ओळंब्यात.

आज थालीपिठं द्यायच्या निमित्ताने मामीकडे गेले. ॲपने बारीक केलेली प्रत वेगळी ठेवली होती, पण फोनमध्ये जागा नाही म्हणून मूळ फोटो मामीने उडवला होता. मग बंटीने गूगल फोटोजचा ट्रॅश उघडला. बॅकअप झालेला फोटो तिथे 60 दिवस राहतो, आणि आजीच्या पंचाहत्तरीला जेमतेम तीन आठवडे झालेत. सापडला! कॅमेऱ्यातच ब्यूटी चालू असती तर मूळ असं काही उरलंच नसतं, म्हणून मी आधी चौकट पाहिली. सरळ आहे. सोबत डॉक्युमेंट म्हणून पाठवलाय. साधा फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं.

मामी ओशाळली. म्हणाली, "अहो ताई, बायोडेटाला बरा दिसेल म्हणून केलं." तिच्यावर चिडणार होते. पण दहावीच्या सुट्टीत तुझ्या ताटातली दुसरी पोळी मीच उचलली होती, "पुरे आता" म्हणून. तू काही बोलली नाहीस, हात धुऊन उठलीस. तुला आठवत नसेल. आठवत असेलच म्हणा. म्हणूनच काल तू मूळ फोटो मागितलास हे वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी लावत बसले.

मूळ फोटोत आजी आणि तू एकाच वेळी हसताय. दोघींचे गाल तेच, डोळे बारीक होऊन त्यात बुडालेले. बारीक केलेल्यात तू तिची कोणी लागत नाहीस.

प्रिंट काढून आजीला देणार आहे. मामीला एकदा फोन कर, उपदेश नाही हा. आणि आज रात्री काय जेवलीस ते कळव. फोटो नको, नुसतं लिही.

तुझी,
आई